झेल सुटतो तेव्हा चेंडू बदला

पालकहो,

शाळेच्या मैदानावर, पालकसभेनंतर जिन्यात, कधी फोनवर तुम्ही मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगता. "मॅडम, आम्ही रोज खेळतो हो त्याच्याबरोबर, पण चेंडू काही हातात बसत नाही." "धाकटी सहज झेलते आणि हा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा." मग आवाज जरा खाली आणून, "लक्ष देत नाही की आळशीच आहे, काही कळत नाही." पोरगं तिथेच उभं असतं आणि सगळं ऐकत असतं.

आज मला तुमच्याशी फक्त झेलाबद्दल बोलायचं आहे. दोन हातांनी चेंडू झेलणं, एवढंच. चेंडू झेलता न येणारं मूल सोसायटीच्या खेळात लिंबूटिंबू म्हणून राहतं, मग पार सीमारेषेवर उभं केलं जातं, आणि काही दिवसांनी खालीच येत नाही. खेळायला न गेल्यामुळे सराव होत नाही, आणि सराव नसल्यामुळे कोणी खेळायला घेत नाही. ही गाठ सोडवता येते. पण 'अजून प्रयत्न कर' एवढं म्हणून ती सुटत नाही.

आधी झेल म्हणजे किती काम असतं ते बघू. तुम्ही ३ मीटरवरून खालून अलगद सोडलेला चेंडू मुलापर्यंत यायला साधारण पाऊण सेकंद लागतो. त्यातला पाव सेकंद, लहान मुलांच्या बाबतीत त्याहून जास्त, डोळ्यांनी पाहिलेल्याला हाताने प्रतिसाद देण्यातच जातो. उरलेल्या वेळात मुलाला चेंडू कुठे येणार ते ताडायचं असतं, हात तिथे न्यायचे असतात, बोटं वर ठेवायची की खाली हे ठरवायचं असतं आणि बोटं नेमक्या वेळी मिटायची असतात. टेनिसचा चेंडू जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा. त्या वेगात तो स्वतःच्या जाडीएवढं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोड्याच जास्त वेळात कापतो. म्हणजे चेंडू तळव्याला लागल्यावर बोटं मिटायला घेतली, तर तो कधीच निघून गेलेला असतो. बोटांना निरोप त्याआधीच जावा लागतो. आपण हे सगळं न शिकवता शिकलो, म्हणून आपल्याला ते काहीच वाटत नाही.

काही मुलांना ते तसं आपोआप येत नाही. हातापायांत ताकद असते, बुद्धी नेहमीसारखी असते, पण हालचालींचा मेळ त्यांच्या वयाला साजेसा बसत नाही. शर्टाची बटणं, बुटांची लेस, कंपास, सायकल, चेंडू अशा ठिकाणी हे सारखं दिसत राहतं. त्याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी म्हणतात. काही डॉक्टर डिस्प्रॅक्सिया हा शब्दही वापरतात. शाळकरी वयातल्या शंभर मुलांत पाच-सहा जणांना हा त्रास असतो, म्हणजे मोठ्या वर्गात दोन-तीन मुलं. मुलग्यांमध्ये तो जास्त आढळतो. 'मोठा झाला की जाईल' असं म्हणून थांबू नका, कारण बहुतेकांच्या बाबतीत तो आपोआप जात नाही. पण ही मुलं कौशल्य शिकू शकतात. इतरांना पन्नास चेंडूंत जे कळतं त्याला त्यांना कित्येक पट जास्त चेंडू लागतात, आणि ते चेंडू त्यांना जमतील अशा बेताचे असावे लागतात.

आधी मुलाकडे बघा, चेंडूकडे नको

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. ३ मीटरवर उभे राहा, टेनिसचा चेंडू खालून, मुलाच्या पोटाच्या उंचीवर, दहा वेळा टाका. दुसऱ्या कुणाला तरी बाजूला उभं करून फोनवर चित्रित करायला सांगा. किती झेल झाले ते मोजा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे झेल सुटला तेव्हा मूल काय करत होतं ते रात्री शांतपणे, व्हिडिओ हळू करून बघा.

साधारणपणे चारपैकी एक गोष्ट दिसते. पहिली, नजर. मूल तुमच्या तोंडाकडे बघत असतं आणि चेंडू सुटून अर्ध्या वाटेवर आल्यावर त्याला तो दिसतो. किंवा चेंडू जवळ आला की डोळे मिटतात, मान वळते. दुसरी, हात. चेंडू सुटायच्या आधीपासूनच दोन्ही हात कोपरात ताठ करून पुढे धरलेले असतात, त्यामुळे चेंडू आदळतो आणि उसळून जातो. तिसरी, वेळ. हात योग्य जागी पोचतात, पण चेंडू छातीवर आपटल्यावर मिठी मारली जाते. चौथी, पाय. चेंडू एका हाताच्या अंतरावर बाजूला गेला तरी पाय जमिनीला खिळलेले राहतात आणि मूल कमरेतून वाकून पोचायला बघतं.

हे वेगळं करून बघायचं कारण असं की उपाय वेगवेगळे आहेत. डोळे मिटणाऱ्या मुलाला 'हात मऊ ठेव' सांगून उपयोग नाही. त्याला भीती वाटते, आणि अंगावर आला तरी लागणार नाही असा चेंडू हातात येईपर्यंत ती जाणार नाही. उलट हात ताठ धरणाऱ्याला फुगा दिला तर तो आनंदाने खेळेल, पण बोटं कधी मिटायची हे त्याला फुगा शिकवणार नाही.

सोपं करायचं म्हणजे नेमकं काय

चेंडू सोपा करण्याच्या पाच वाटा आहेत: चेंडू कोणता, तो कुठल्या वाटेने येतो, किती अंतरावरून येतो, कोण टाकतो आणि मूल स्थिर आहे की चालतं आहे.

चेंडूपासून सुरुवात करू. फुटबॉलएवढ्या आकाराचा स्पंजचा चेंडू, किंवा हवा थोडी कमी केलेला बीच बॉल, हा सुरुवातीला सगळ्यांत उपयोगी. तो लागत नाही, त्यामुळे डोळे उघडे राहतात. तो हातातून लगेच उसळत नाही. आणि मोठा असल्याने बोटांच्या मिटण्यावर झेल अवलंबून राहत नाही, दोन तळव्यांत धरला तरी चालतो. म्हणजे मुलाच्या डोक्यावरचं एक काम तुम्ही काढून घेतलंत. त्यानंतर नारळाएवढा स्पंजचा चेंडू, मग मोज्यांचा चेंडू. दोन-तीन जुने मोजे एकात एक घट्ट गुंडाळा, आबाधुबीला पूर्वी चिंध्यांचा करायचे तसा. हा लहान असूनही उसळत नाही, म्हणून बोटं थोडी उशिरा मिटली तरी माफ करतो. टेनिसचा चेंडू अगदी शेवटी. रबरी चेंडू त्याच्याही नंतर. प्लास्टिकचा हलका चेंडू स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, पण तो वाऱ्याने वळतो आणि टणक असल्याने हातातून निसटतो, म्हणून शिकण्यासाठी तो अवघड.

फुग्याबद्दल दोन शब्द. तो सावकाश येतो आणि नजरेने पाठलाग करायला छान आहे. पण तो जवळजवळ तरंगतच खाली येतो, खऱ्या चेंडूची चाल त्याला नसते. पहिले दोन-तीन दिवस फुगा ठीक, त्याच्यावर महिना घालवू नका. घरात लहान भावंडं असतील तर फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, ते घशात अडकतात.

आता वाट. जमिनीवरून घरंगळत येणारा चेंडू सगळ्यांत सोपा, कारण तो वरखाली होत नाही, फक्त डावीकडे की उजवीकडे एवढंच बघायचं. पाय हलत नसतील तर इथूनच सुरू करा आणि चेंडू मुद्दाम एक पाऊल बाजूला सोडा. त्यानंतर एक टप्पा पडून येणारा. टप्प्याचा मोठा फायदा असा की जमिनीवर आपटून वर आलेला चेंडू त्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपाशी क्षणभर रेंगाळतो. तो बिंदू मुलाच्या पोट आणि छातीच्या मध्ये येईल असा टप्पा टाकलात, तर हात मिटायला सगळ्यांत जास्त वेळ तिथेच मिळतो. सरळ हवेतून येणाऱ्या चेंडूत ही सवलत नसते. वर खूप उंच उडवलेला चेंडू मात्र सोपा समजू नका. तो वेळ जास्त देतो हे खरं, पण मान मागे जाते, तोल जातो आणि खाली येताना त्याचा वेग वाढलेला असतो.

अंतर २ मीटरपासून सुरू करा. एक मीटरवर गेलात तर चेंडू बघायलाच वेळ मिळत नाही. आणि टाकणारा मोठा माणूस असावा, दादा-ताई नको. दहाही चेंडू एकाच जागी, एकाच वेगाने यायला हवेत, आणि दहा वर्षांच्या भावाला ते जमत नाही. याच कारणासाठी 'जा, भिंतीवर मार आणि झेल' असं या मुलांना सुरुवातीला सांगू नका. भिंतीवर मारताना फेक आणि झेल अशी दोन कामं होतात. फेक वाकडी गेली की झेल अशक्यच होतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला झेलता येत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. तुमच्या मागे खिडक्यांची जाळी, वाळत घातलेले कपडे किंवा मावळतीचा सूर्य असेल, तर चेंडू त्यात हरवतो. साध्या भिंतीसमोर उभे राहा. पिवळा चेंडू असेल तर पिवळा टी-शर्ट घालू नका.

या सगळ्यात एकच नियम मनाशी पक्का धरा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. चेंडू लहान केलात तर अंतर आणि टप्पा तोच ठेवा. अंतर वाढवलंत तर चेंडू मोठा ठेवा.

चिनूचे सहा आठवडे

एक मुलगा कल्पू या. नाव चिनू, वय ९, चौथीत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचं थोडंथोडं त्याच्यात आहे. त्याला सोसायटीत 'वन टप्पा आऊट' खेळायचं आहे. फलंदाजी नको, फक्त क्षेत्ररक्षणात उभं राहून एखादा झेल घ्यायचा आहे. ध्येय त्याने स्वतः सांगितलं आहे, आणि ते बरंच आहे, कारण त्या खेळात टप्पा पडून आलेला चेंडूही एका हाताने झेलला तर फलंदाज बाद होतो. आपण दोन हातांनी सुरुवात करू.

पहिल्या दिवशी टेनिसच्या चेंडूवर दहापैकी एक. व्हिडिओत दिसलं की तो बाबांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि हात आधीपासून ताठ धरतो. छातीवर आपटलेले दोन चेंडू त्याने कवटाळले, ते आपण झेल धरले नाहीत.

पहिला आठवडा: फुटबॉलएवढा स्पंजचा चेंडू, २ मीटर, एक टप्पा. चेंडूवर बाबांनी स्केचपेनने चार वेगवेगळ्या रंगांचे मोठे ठिपके काढले आणि प्रत्येक वेळी चेंडू सोडण्याआधी तो हातात फिरवून चिनूच्या समोर धरला. 'कुठला रंग तुझ्याकडे आहे?' चिनूने रंग सांगितल्यावरच चेंडू सुटायचा. आता नजर बाबांच्या तोंडावर नाही, हातावर आहे. पहिल्या दिवशी दहापैकी पाच, चौथ्या दिवशी आठ.

दुसरा आठवडा: तेच सगळं, फक्त चेंडू नारळाएवढा. लगेच आकडा पाचवर आला. हे अपेक्षितच होतं. हात अजून ताठच होते, आणि लहान चेंडूवर ते लपत नव्हते. म्हणून कोपर शरीराला चिकटवून हात पोटाजवळ ठेवायचे, चेंडूने टप्पा खाल्ला की मगच पुढे न्यायचे, असं ठरलं. चिनू मोठ्याने 'टप्पा' म्हणायचा आणि चेंडू हातात आला की 'झेल'. या दोन शब्दांमुळे हात कधी निघायचे याला एक ठेका मिळाला. आठवड्याच्या शेवटी सात.

तिसऱ्या आठवड्यात अंतर ३ मीटर झालं. आणि चौथ्यात बाबांचा उत्साह वाढला. त्यांनी एकाच संध्याकाळी टेनिसचा चेंडू आणला आणि टप्पाही काढून टाकला. दहापैकी दोन. त्यानंतर चिनूने पोट दुखतं म्हणून घर गाठलं. यात अपयश चिनूचं नव्हतं. दोन पायऱ्या एकदम चढायला लावल्या तर घसरण होणारच. दुसऱ्या दिवशी नारळाएवढा चेंडू परत आला आणि टप्पा तेवढा काढला. सहा झेल झाले. मग मोज्यांचा चेंडू, तोही थेट हवेतून, आणि मग टेनिसचा, पण पुन्हा टप्प्यासह.

सहाव्या आठवड्याअखेर टेनिसच्या चेंडूने, ३ मीटरवरून, टप्पा पडून दहापैकी सात, आणि थेट हवेतून चार. थेट हवेतले झेल अजून कच्चेच आहेत. पण त्याच्या खेळाला टप्प्याचे झेल लागतात, आणि ते दोन हातांनी आले; एका हाताचा झेल ही पुढची पायरी. इतर मुलांना हे सहज जमत असेल. चिनूसाठी सहा आठवडे हा रास्त काळ आहे, कुणाला दहा-बाराही लागतील.

पुढे कधी जायचं, मागे कधी यायचं

माझा हिशेब साधा आहे. सलग दोन दिवस दहापैकी सात किंवा जास्त झेल आले की एक पायरी वर. चारपेक्षा कमी आले की एक पायरी खाली, तेही त्याच दिवशी, सराव संपण्याआधी. चार ते सहा असतील तर तिथेच थांबा, मूल शिकतंच आहे.

मोजायचं मात्र सराव संपताना नाही. शेवटच्या दहा चेंडूंत हात तापलेला असतो आणि आकडा फुगतो. दुसऱ्या दिवशी काही न बोलता टाकलेले पहिले दहा चेंडू खरं सांगतात. कालचं आज राहिलं असेल तर ते शिकलं गेलं. काल आठ आणि आज तीन असं वारंवार होत असेल तर पायरी घाईने वर गेली आहे.

सराव १०-१५ मिनिटांचा, आठवड्यातून चार-पाच दिवस. त्यात तीस-चाळीस चेंडू होतात. रविवारी दीड तास खेळून सोमवार ते शनिवार काही नाही, हे या मुलांना मानवत नाही. थकवा लवकर येतो आणि थकल्यावर जुन्या सवयी परततात. थकवा ओळखायचा कसा? मूल मुद्दाम पडून दाखवायला लागतं, विदूषकपणा करतं, चेंडूला लाथ मारतं. तुम्हाला तो वात्रटपणा वाटतो. बहुतेक वेळा ती 'आता जमत नाही' ही कबुली असते. त्या वेळी सोपा चेंडू आणा, तीन झेल होऊ द्या आणि घरी चला.

एका पायरीवर हात बसला की मगच त्याच पायरीत थोडा फेरफार करा. चेंडू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा जरा हळू. सुरुवातीपासूनच असा सरमिसळ सराव दिला तर या मुलांना काय चुकलं हेच कळत नाही. आणि कधीच दिला नाही तर बाबांनी टाकलेला तेवढाच चेंडू झेलता येतो, खेळातला नाही.

काय बोलायचं

'नीट बघ', 'लक्ष दे', 'अरे पकड ना!' हे तिन्ही शब्द काही दिवस बंद ठेवा. त्यांतून मुलाला काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी एका वेळी एकच सूचना द्या, आणि शक्यतो ती अंगाबद्दल न देता चेंडूबद्दल द्या. 'कोपर वाकव'पेक्षा 'चेंडूला पोटाशी ओढून घे' हे जास्त चालतं, कारण चेंडू ओढताना कोपर आपोआपच वाकतो.

आणि शक्य तिथे उत्तर मुलाकडून काढून घ्या. कॅनडातल्या हेलीन पोलाटाजको आणि अँजेला मँडिच या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी या मुलांसाठी को-ऑप नावाची पद्धत बसवली. तिचा गाभा चार पायऱ्यांचा आहे: काय करायचं आहे, कसं करणार, करून बघ, जमलं का ते तपास. घरी ते असं होतं:

"सुटला. कुठे लागला चेंडू?"

"इथे, मनगटावर."

"मग हात कुठे असायला हवे होते?"

"अजून खाली."

"बघ करून."

तुम्ही 'हात खाली घे' म्हटलं असतंत तर तो एक चेंडू कदाचित हातात आला असता. त्याने स्वतः शोधलेलं मात्र तुम्ही नसतानाही, खाली मुलांच्या खेळात त्याच्याजवळ राहतं. दर चेंडूला हे विचारू नका, वैताग येईल. पाच-सहा चेंडूंमागे एकदा पुरे.

नजरेचं काम किती मोठं आहे हे संशोधनातही दिसलं आहे. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी कसलेले खेळाडू हालचालीआधी नजर नेमक्या जागी स्थिर ठेवतात हे मांडलं आणि त्याला 'क्वायट आय' म्हटलं. पुढे इंग्लंडमधल्या संशोधकांनी डीसीडी असलेल्या मुलांना फेकताना आधी लक्ष्यावर नजर ठेवायला आणि झेलताना चेंडू हातात येईपर्यंत त्याचा पाठलाग करायला शिकवलं, आणि त्यांच्या झेलण्यात सुधारणा दिसली. चेंडूवरचे ते रंगीत ठिपके म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती.

खेळात नेताना

घरच्या सरावातून थेट दहा मुलांच्या गलक्यात उडी मारायला लावू नका. तिथे चेंडू कुठून येईल माहीत नसतं, आरडाओरडा असतो, आणि चूक झाली की सगळे बघतात. मध्ये एक पायरी ठेवा. एका समजूतदार मित्राला किंवा मैत्रिणीला घरी बोलवा. तिघांत चेंडू फिरवा, टप्प्याने, गुण न मोजता. मग लगोरी, डब्यांची किंवा फरश्यांच्या तुकड्यांची, स्पंजच्या चेंडूने. त्यात झेल आहे, पण एक सुटला म्हणून डाव जात नाही.

सोसायटीत पहिल्या दिवशी जागा निवडून द्या. फलंदाजाच्या अगदी जवळ नको, तिथे चेंडू जोरात येतो. मध्यावर, जिथे चेंडू टप्पा खाऊन येतो तिथे. शाळेतही हेच सांगता येतं. पीटीच्या सरांना भेटा तेव्हा 'त्याला सूट द्या' असं म्हणू नका. 'तो ३ मीटरवरून टप्प्याचा टेनिस चेंडू झेलतो, थेट फेकलेला अजून नाही' असं नेमकं सांगा. शिक्षकाला नेमकं कळलं की तो त्याच खेळात त्याच्यासाठी जागा काढू शकतो. आणि वर्गासमोर एकेकाला उभं करून झेलायला लावणं टाळता येईल का, तेही विचारा.

याने काय होणार नाही

झेल आला म्हणून अक्षर सुधारणार नाही, सायकल येणार नाही. ज्याचा सराव केला ते येतं, त्याच्या जवळचं थोडं येतं, लांबचं येत नाही. म्हणूनच 'समन्वय वाढवणारे' म्हणून सांगितलेले सरसकट व्यायाम, फळीवर तोल सांभाळणं वगैरे, आठवडेच्या आठवडे करून चेंडू हातात बसेल अशी आशा ठेवू नका. डीसीडीवरच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही मुलाला जी कृती करायची आहे त्या कृतीवरच थेट काम करा, असं सांगतात. अक्षराचा त्रास असेल तर अक्षरावर वेगळं काम करावं लागेल, आणि तिथेही हाच नियम: सोपं करा, एकेक बदला.

एका हाताचा झेल, धावत जाऊन घेतलेला उंच झेल, हे काही मुलांना पुढेही कठीणच जाईल. ते तसं मान्य करा. ज्याला चेंडूचे खेळ मुळीच नको असतील त्याला पोहणं, धावणं, डोंगर चढणं असे खेळ द्या, जिथे समोरून काही अंगावर येत नाही. शिकायला वेळ तिथेही लागेल. पण 'तू चेंडू सोड' हा निर्णय मुलाचा असावा, आपल्या कंटाळ्याचा नको.

आणि काही गोष्टी दिसल्या तर चेंडू बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. पूर्वी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली. अंगाची एकच बाजू कमजोर वाटते. अलीकडे पडण्याचं प्रमाण वाढलं. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं. पोटऱ्या फुगीर दिसतात. ही डीसीडीची लक्षणं नाहीत, ती वेगळ्या आजाराची असू शकतात. डोळे तपासून घ्या हेही सांगते. चष्म्याची गरज असलेलं किंवा तिरळेपणा असलेलं मूलही चेंडू चुकवतं. लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा त्रास डीसीडी असलेल्या मुलांत बऱ्याचदा जोडीने असतो, त्याबद्दलही विचारा. निदान बालविकासतज्ज्ञ करतात, सरावाची आखणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट करून देतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला सहसा हे नाव दिलं जात नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. दहा चेंडू, एक व्हिडिओ, आणि रात्री आईबाबांनी मिळून तो बघणं. नजर, हात, वेळ की पाय, यांतलं काय चुकतंय ते कागदावर लिहा. मग बाजारात जाऊन फुटबॉलएवढा स्पंजचा चेंडू आणा. टेनिसचा चेंडू घरात आहेच, त्याला कपाटात थोडे आठवडे पडून राहू द्या. मूल विचारेल तो कुठे गेला म्हणून, तर खरं ते सांगा: तुझे हात तयार झाले की काढू, आणि ते कधी तयार झाले हे आपण दोघं मिळून मोजू.